शेकड्याला एक सुपारी

काळा पाइप रोयणीपाशी येऊन संपला तेव्हा काका काही बोलले नाहीत. त्यांनी कानावरची विडी काढली, पेटवली आणि पाइपच्या उघड्या तोंडाकडे बघत बसले. रोयण म्हणजे वारूळ. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात सातेरी देवी याच रूपात पुजली जाते, त्यामुळे तिथे तसंही कोणी मोठ्याने बोलत नाही. पण त्या दिवशीची शांतता भक्तीची नव्हती. झरा अजून बराच वर होता, आणि वाळपईच्या बाजारातून आणलेली सहाच्या सहा बंडलं संपली होती.

आमचं कुळागर गावाच्या टोकाला आहे. एप्रिल सरता सरता पाटाचं पाणी आटतं आणि सुपारीची झाडं मलूल दिसायला लागतात. वर जंगलात एक झरा आहे. तो बारीक आहे, पण मे महिन्यातही वाहतो. तिथून एक इंची पाइप टाकून पाणी कुळागरातल्या टाकीत आणायचं असं गेल्या वर्षी ठरलं. पाइप किती लागेल हे सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिकलेला मी. फोनवरच्या नकाशात त्या जागी नुसता हिरवा डाग दिसतो. पायवाट नाही, झरा नाही. वाट नोंदवणारं अ‍ॅप लावून पाहिलं, तर दाट झाडीखाली फोनला उपग्रह नीट सापडत नव्हते. पडद्यावरची माझी रेघ दारुड्यासारखी या बाजूची त्या बाजूला जात होती, आणि ते सगळं वाकडंतिकडं चालणं माझ्या अंतरात जमा होत होतं.

म्हणून मी घड्याळ लावलं. झऱ्यापासून घरापर्यंत खाली उतरलो, आठ मिनिटं लागली. माणूस साधारण ताशी साडेचार किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला पंचाहत्तर मीटर. आठ गुणिले पंचाहत्तर, सहाशे. शंभर मीटरची सहा बंडलं. हिशेब इतका गुळगुळीत आला की मला शंका यायला हवी होती.

झालं असं होतं की मी उतरत असताना वळवाचा पाऊस आला. पहिले थेंब पडले तसा मी पाय उचलला, आणि शेवटचा टप्पा तर जवळजवळ धावतच पार केला. घड्याळाने आठ मिनिटं खरीच सांगितली. चूक घड्याळात नव्हती, पंचाहत्तरात होती. वेळेवरून अंतर काढताना आपण वेळ मोजतो आणि वेग गृहीत धरतो, आणि फसगत नेहमी न मोजलेल्या बाजूने होते.

काकांची पद्धत वेगळी. त्यांना विचारलं तर ते सांगतात, "झरो? चढताना तीन विड्या, उतरताना दोन." लहानपणापासून मी हे ऐकत आलोय आणि हसत आलोय. पाइप तोकडा पडल्यावर मात्र मी त्यांच्या विडीला घड्याळ लावलं. पेटवल्यापासून थोटूक फेकेपर्यंत साडेपाच ते पावणेसहा मिनिटं. म्हणजे उतरताना दोन विड्या, अकरा मिनिटांच्या थोडं वर. अकरा गुणिले पंचाहत्तर, सव्वाआठशे. शेवटी सगळं झाल्यावर पाइप किती लागला ते पुढे येईलच, पण या सव्वाआठशेत आणि त्यात फार अंतर नव्हतं. काकांच्या मोजमापात एक गुण आहे जो माझ्या घड्याळात नव्हता. विडी ओढणारा माणूस धावत नाही. धावला तर दम लागतो, थांबला तर विडी विझते. विडी वेळ मोजते आणि वेगही सांभाळते. पावसात मात्र हे मोजमाप बंद.

पण अशी कबुली लगेच देण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही. मी ठरवलं की आता पावलं मोजायची, आणि नीट मोजायची.

पावलं मोजण्याचा पहिला नियम असा की एकच पाय मोजायचा. डावा पडला की एक, उजव्याकडे लक्षच द्यायचं नाही. त्याने आकडे निम्मे होतात आणि डोक्याला मधे श्वास मिळतो. रोमन सैन्यही असंच जोडपाऊल मोजायचं. अशी हजार जोडपावलं म्हणजे त्यांचा मैल, आजच्या हिशेबाने सुमारे १४८० मीटर. आपण बोलतो तो मैल हा शब्द त्या हजारावरूनच आलाय.

दुसरा नियम, पुस्तकातलं पाऊल उसनं घ्यायचं नाही. गावच्या मेस्त्रीकडून तीस मीटरची टेप एका संध्याकाळपुरती मागून आणली. शाळेच्या मैदानात पन्नास मीटरवर दगड ठेवून जाऊन-येऊन शंभर मीटर असं तीनदा चाललो. सहासष्ट, सदुसष्ट, पासष्ट. सरासरी सहासष्ट, म्हणजे माझं जोडपाऊल दीड मीटरच्या किंचित वर. इथे एक मोह होतो, त्याला जपावं लागतं. आपण मोजतोय हे कळलं की माणूस कवायतीसारखा चालायला लागतो, टांगा लांब टाकतो. पहिल्यांदा माझे एकसष्ट आले होते. ते मी सोडून दिले, कारण तसा मी जन्मात कधी चालत नाही.

मैदानावरचा हा सहासष्टचा आकडा घेऊन कोणी थेट डोंगर चढायला गेला तर तो फसणार. चढावर पाऊल आखूड होतं. किती आखूड होतं ते चढ ठरवतो, वाट ठरवते, आणि पाठीवर ओझं असेल तर तेही ठरवतं. म्हणून तीच टेप घेऊन मी चुलतभावाबरोबर वाटेवर गेलो. आमच्या झऱ्याच्या वाटेचे सरळ तीन भाग पडतात. घरापासून साकवापर्यंत कुळागरातली सपाट वाट, पाटाच्या कडेकडेने. साकवापासून रोयणीपर्यंत हलका चढ. आणि रोयणीपासून झऱ्यापर्यंत घाटी, जिथे बोलणं बंद होतं. हलक्या चढावर तीस मीटरचा एक तुकडा टेपने आखला आणि तीनदा चढलो: तेवीस, तेवीस, बावीस. मिळून नव्वद मीटरला अडुसष्ट, म्हणजे शंभराला शहात्तर. घाटीत सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. नव्वदला त्र्याऐंशी, शंभराला ब्याण्णव. तीन वेळा चढण्याचं कारण असं की तीस मीटरच्या तुकड्यात एक पाऊल इकडचं तिकडे झालं तर शंभरामागे तीन-चारचा फरक पडतो. तुकडा जितका छोटा तितक्या फेऱ्या जास्त.

उतरतानाचेही आकडे घेतले. हलक्या उतारावर शंभराला अडुसष्ट, म्हणजे जवळजवळ सपाटीसारखेच. घाटीत ऐंशी. मला वाटलं होतं की उतारावर पाऊल मोठं पडेल. सौम्य उतारावर पडतंही असेल, पण उतार तीव्र झाला, खाली सुटे दगड आणि वाळकी पानं असली, की माणूस टाच रोवून, चाचपत उतरतो.

इथे कोणीही विचारील की टेप हातात होती तर सगळी वाटच टेपने का मोजली नाही? चुलतभावानेही हेच विचारलं. टेप सांजेला परत द्यायची होती, घाटीत ती दर वळणाला करवंदीच्या जाळीत अडकत होती, आणि खरं सांगायचं तर तोवर पाइपपेक्षा मला माझी चूक नेमकी कुठे आणि किती हे काढायचं होतं. फक्त कुळागरातला पहिला टप्पा आम्ही टेपने मोजला, पडताळा म्हणून. दहा टेपा आणि वर अठरा मीटर, म्हणजे ३१८.

आता मोजणी. शंभरापर्यंत मोजणं सोपं वाटतं, पण आपली भाषा त्याला मुळीच अनुकूल नाही. चालताना मनातल्या मनात अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ म्हणून बघा. एकोणसाठ हा शब्द एका पावलात मावत नाही. त्यात साठ ऐकू येतो, म्हणून पुढच्या पावलाला जीभ एकसष्ट म्हणून मोकळी होते आणि साठावं पाऊल हवेत विरून जातं. माझं हे एकोणसत्तरला झालं, एकोणऐंशीला झालं. मुलांना पाढे शिकवताना एकोणची अडचण माहीत होती, पण ती पायात येईल असं वाटलं नव्हतं. यावर तोडगा काकूने दिला, नकळत. ती अंगणात सुपाऱ्या मोजत बसली होती, वीस वीसचे ढीग करत. एक वीस, दोन विसा, तीन विसा. पाच विसा म्हणजे शंभर. विसापर्यंत मोजायचं तर वाटेत फक्त एकच एकोण लागतो, एकोणीस, आणि तो सवयीचा आहे. तेव्हापासून मी वीसपर्यंत मोजतो आणि हाताचं एक बोट दुमडतो. पाच बोटं दुमडली, मूठ झाली, की शंभर. मग डाव्या खिशातली एक सुपारी उजव्या खिशात टाकायची आणि मूठ उघडायची.

शेकडा आठवणीत ठेवायचा नाही, वस्तूत ठेवायचा, ही युक्ती जुनी आहे आणि तिने फार मोठी कामं झाली आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा मॉन्टगोमेरी नावाच्या अधिकाऱ्याने कुमाऊंच्या डोंगरातली माणसं तयार केली. त्यातले नैनसिंग रावत १८६५ साली निघाले आणि १८६६च्या सुरुवातीला ल्हासाला पोहोचले. चढ असो उतार असो, एका मैलाला दोन हजार पावलं पडतील अशी सवय त्यांच्या पायांना लावली होती. हातात यात्रेकरूची माळ, पण एकशे आठ मण्यांची नव्हे, शंभराची. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, पाच मैल. नोंदीचे कागद प्रार्थनाचक्राच्या आत. कोणी जवळ आलं की तोंडाने जप, आणि जप करणाऱ्याला मधे कोणी बोलत नाही. त्यांचे चुलतभाऊ किशनसिंग यांना पुढच्या एका मोहिमेत चोरांच्या भीतीने घोड्यावर बसावं लागलं, तर त्यांनी घोड्याची पावलं मोजली.

मला त्या जपाचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो. आमच्या गावात मोजत चालणं म्हणजे महाकठीण, कारण दर पन्नास पावलांवर कोणीतरी विचारतंच, "खंय चल्लो रे?" उत्तर दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत मी शिष्ट झाल्याची बातमी होते. उत्तर दिलं तर आकडा गेला. पहिल्याच फेरीत साकवाच्या पुढे एक आजी सरपण घेऊन येत होती. तिने थांबून माझ्या आईची चौकशी केली. मी चांगलं दोन मिनिटं बोललो आणि पुढे निघालो तेव्हा बोटं तीन दुमडलेली होती, पण वीसातला आकडा कितवा होता ते आठवेना. आणि सुपारी टाकली होती का नाही, तेही. रोयणीशी पोहोचलो तर आकडा निघाला अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव पावलांत रोयण येत नाही हे मला माहीत होतं, पण कमी पडले किती? खाली येताना त्याच टप्प्याचे एकशे शहात्तर भरले. पुन्हा चढलो, तेव्हा एकशे अठ्ठ्याण्णव. मग उलगडा झाला. पाय चुकतात तेव्हा पाच-दहाचा फरक पडतो आणि तो दर फेरीला थोडा थोडा बदलतो. डोकं चुकतं तेव्हा फरक पडतो तो बरोब्बर शंभराचा, किंवा वीसाचा. दोन फेऱ्यांत असा गोल फरक दिसला तर चालण्यात खोट शोधू नये, खिशातल्या सुपाऱ्या मोजाव्यात. आता वाटेत कोणी भेटलं की मी आधी दोन्ही पाय थांबवतो, आकडा दोनदा मोठ्याने म्हणतो आणि मगच आईची खुशाली सांगतो. लोकांना वाटतं जप करतो. वाटू दे.

तर शेवटी नीट जमलेली फेरी अशी होती. घरापासून साकवापर्यंत २१२ जोडपावलं. सहासष्टच्या हिशेबाने ३२१ मीटर. टेपने हेच ३१८ आलं होतं, म्हणजे सपाटीवर तीनशेला तीनची चूक, शंभराला एक. साकव ते रोयण १९८ पावलं. शहात्तरच्या हिशेबाने २६० मीटर. रोयण ते झरा १८७ पावलं; ब्याण्णवच्या हिशेबाने २०३. एकूण ७८४ मीटर. परतताना उताराचे आकडे वापरून वेगळा हिशेब केला तर ७८७ भरले. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पावलांतून आले आणि तीन मीटरवर येऊन भेटले, तेव्हा मी पहिल्यांदा निर्धास्त झालो. जाता-येता एकच मोजमाप लावून दोन सारखे आकडे आले असते तर त्यातून एवढं कळलं नसतं, कारण मोजमापच चुकीचं असेल तर ते दोन्ही वेळा सारखंच चुकतं.

आणि मैदानावरचा सहासष्ट सगळ्या वाटेला लावला असता तर? एकूण पावलं झाली ५९७. त्याचे होतात ९०५ मीटर. एकशे वीस मीटर जास्त, म्हणजे एक बंडल फुकट. घड्याळाने मला एका बाजूला पाडलं होतं, बेफिकीर पावलांनी दुसऱ्या बाजूला पाडलं असतं.

शाळेत त्रिकोणमिती शिकलेल्या लोकांना (म्हणजे पुन्हा मलाच) इथे एक शंका येते. चढावरून मोजलेलं अंतर हे तिरकं अंतर, नकाशावरचं अंतर आडवं. त्याने केवढा घोळ होत असेल! होत नाही. आमची घाटी दोनशे तीन मीटरमध्ये साधारण पन्नास मीटर चढते, आणि तरी तिचं आडवं अंतर भरतं १९७. सगळा फरक सहा मीटरचा. त्याच घाटीत आखूड पावलाकडे दुर्लक्ष केलं असतं तर २०३ ऐवजी २८३ आले असते. भूमितीने सहा मीटर खाल्ले, पायाने ऐंशी. आणि पाइप काही आडवा हवेतून जात नाही, तो जमिनीवरूनच चढतो, त्यामुळे माझ्या कामाला तिरकं अंतरच हवं होतं.

पन्नास मीटर चढते हे कशावरून म्हणालो, तर तेही पावलं आणि घड्याळ एकत्र धरून. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला. आजच्या मापात त्याचं रूप असं: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास. म्हणजे शंभर मीटर चढायला दहा मिनिटं जादा. काका तीन विड्यांत वर जातात, सतरा मिनिटांत, मधे न थांबता. ७८४ मीटर सपाटीवर त्यांना साडेनऊ मिनिटं लागली असती. उरलेली साडेसात मिनिटं चढाची. म्हणजे झरा घरापेक्षा सुमारे पंचाहत्तर मीटर उंच, त्यातला मोठा वाटा घाटीचा. हा ठोकताळाच आहे, काकांच्या गुडघ्यावर उभा असलेला, पाच-दहा मीटर इकडे तिकडे धरावेत. पण अंतर ठाऊक असेल तर वेळ उंची सांगते, आणि उंची ठाऊक असेल तर अंतर.

आता उरलेल्या पाइपचं. घाटी २०३ मीटर, म्हणजे दोन बंडलं आणि वर थोडा तुकडा, असं मी म्हणणार होतो. पण आधी टाकलेला पाइप एक गोष्ट सांगत होता. माझ्या पावलांनुसार रोयणीपर्यंत ३२१ अधिक २६०, म्हणजे ५८१ मीटर. तिथपर्यंत पाइप संपला होता ६००. एकोणीस मीटर गेले कुठे? ते झाडांना वळसे घालण्यात गेले, खडपावरून उतरण्यात गेले, साकवाखालच्या झोळात गेले. माणूस ओंडका ओलांडतो, पाइप त्याला वळसा घालतो. सपाटीवर शंभरामागे तीन मीटर असा जातो, तर घाटीतल्या दगडधोंड्यांत जास्तच जाणार. दोन बंडलं आणली आणि शेजाऱ्याच्या कुळागरात गेल्या वर्षीचा उरलेला पन्नास मीटरचा तुकडा पडला होता तो मागून घेतला. लागले २१४. नुसती दोन बंडलं नेली असती तर पाइपने झऱ्यापासून चौदा मीटरवर पुन्हा आ वासला असता, आणि या वेळी काका गप्प बसले नसते.

एवढं सगळं पाइपसाठी. पण या आकड्यांचा खरा उपयोग झाला तो नोव्हेंबरात. झऱ्याच्या तोंडाशी पाला साचला होता तो काढायला गेलो आणि परतायला दिवेलागण झाली. जंगलात अंधार लवकर पडतो. घाटी उतरताना सवयीने मोजत होतो. झऱ्यापासून रोयणीपर्यंत उतरताना एकशे बासष्ट पावलं, हा आकडा पाठ झालेला. एकशे सत्तरला रोयण दिसली नाही. अंधारात पाऊल आखूड पडतं, म्हणून दहा-वीस जास्त धरली. एकशे नव्वदलाही नाही. थांबलो. मोजत नसतो तर थांबलो नसतो, कारण वाट वाटेसारखीच दिसत होती आणि उताराला लागलेल्या माणसाला आपण बरोबरच चाललोय असं वाटत राहतं. मागे फिरलो, मागे जातानाही मोजत. पंचेचाळीस पावलांवर टॉर्चच्या उजेडात पावसाळ्यात पडलेला एक किंदळ दिसला. त्याच्या बुंध्याला वळसा घालून गुरांनी नवी वाट पाडली होती, आणि मी गुरांच्या मागे चाललो होतो. जुनी वाट बुंध्याच्या पलीकडे होती.

पावलं दिशा सांगत नाहीत. ओळखीची खूण आता यायला हवी होती, एवढंच सांगतात. त्यासाठी खुणा जवळ जवळ हव्यात. साकव, रोयण, झरा अशा दोन-अडीचशे मीटरवरच्या खुणा असल्या की प्रत्येक खुणेपाशी आधीची चूक पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. सड्यावर हे जमत नाही. पावसाळ्यात सड्यावर धुकं उतरलं की दोन-दोन किलोमीटर नुसता काळा जांभा आणि गवत. तिथे पाच टक्क्यांची चूकही शंभर मीटरवर जाते, आणि तेवढ्या धुक्यात गाव शेजारून निघून जाईल. तिथे मी मोजत नाही. धुकं उठेपर्यंत बसून राहतो.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी काकांची विडी बंद केली. काकू खूश आहे, पण घरातलं अंतराचं माप गेलं. मध्यंतरी वाळपईहून एक नातेवाईक आला, त्याने झरा किती लांब म्हणून विचारलं. मी तोंड उघडून सातशे म्हणेपर्यंत काकांनी उत्तर दिलं, "दोन अभंग."

"चढताना की उतरताना?" मी विचारलं.

"चढताना गाता येता व्हय तुका?" काका म्हणाले.

मी अजून घड्याळ लावलेलं नाही. काका एकच ओळ चार-चार वेळा घोळवतात, त्यामुळे मधे आवर्तनं किती घेतात ते आधी बघावं लागेल.